‘दुखलं तर या’ एवढंच सांगू नकोस

आदरणीय ताई,

मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नेत्रविभागातल्या पोस्टिंगमध्ये मला ‘मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर वयस्कर रुग्णांनी डोळ्याची काळजी कशी घ्यावी’ यावर आरोग्यशिक्षणाची असाइनमेंट होती. मी पुस्तकातून सगळे मुद्दे काढले, ‘काय करावे, काय करू नये’ असे बावीस मुद्दे चार्ट पेपरवर लिहिले आणि वॉर्डातल्या सहा आजी-आजोबांना समजावून सांगितले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मॅडमनी मात्र वही परत केली. लाल शाईने एवढंच लिहिलंय, ‘रुग्णाला समजलं हे तुला कशावरून कळलं?’ पुढच्या महिन्यात पुन्हा पोस्टिंग आहे, तेव्हा एकच रुग्ण घेऊन नव्याने करायचंय. माझे मुद्दे चुकीचे नव्हते. मग नेमकं काय बदलू?

एक विद्यार्थिनी, सोलापूर

प्रिय मुली,

तुझ्या मॅडमनी विचारलेला प्रश्न मला माझ्या नोकरीच्या सुरुवातीला कुणी विचारला असता, तर एका बाबांचा डोळा कदाचित वाचला असता. ती गोष्ट आधी सांगते, कारण तुझ्या असाइनमेंटचा गाभा तिथेच आहे.

शिबिरातले रुग्ण होते. डिस्चार्जच्या सकाळी सगळ्यांना बाकावर ओळीने बसवलं आणि मी पाठ केलेलं घडाघडा सांगून टाकलं. शेवटी म्हणाले, ‘डोळा दुखायला लागला तर लगेच या, नाहीतर आठ दिवसांनी तपासणीला या.’ सत्तरीतले एक शेतकरी बाबा बरोबर आठव्या दिवशी आले. काळा चष्मा काढला तर पापणी जराशी सुजलेली, डोळा लाल आणि बुबुळाच्या खालच्या कडेला आतून पांढरट पू साचलेला, वाटीच्या तळाशी दूध उरावं तसा. बाबा म्हणाले, ‘पाचव्या दिवसापासनं धुरकट व्हायला लागलं होतं. पण दुखत न्हवतं. तुम्ही दुखलं तर या म्हणला होता.’ त्यांना त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवलं, डोळ्याच्या आत प्रतिजैविकांची इंजेक्शनं दिली. डोळा राहिला, पण त्यातून उजेड-अंधार आणि समोर हललेला हात एवढंच दिसायचं. बाबांनी माझं तंतोतंत ऐकलं होतं. चूक माझ्या वाक्यात होती.

शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होतो, त्याला आपण एंडोफ्थॅल्मायटिस म्हणतो. तो क्वचित होतो, पण झाला तर दिवसांचा नाही, तासांचा हिशेब असतो. बहुतेक वेळा तो पहिल्या एक-दोन आठवड्यांत डोकं वर काढतो, म्हणजे रुग्ण आपल्या नजरेआड, घरी असताना. आणि तो दरवेळी दुखतोच असं नाही. अमेरिकेत या संसर्गावर एक मोठा अभ्यास झाला, १९९५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यातल्या ४२० रुग्णांपैकी साधारण चारातल्या एकाला दुखण्याची तक्रार नव्हती. नजर अंधुक झाल्याची तक्रार मात्र जवळपास सगळ्यांची होती. तेव्हा धोक्याच्या खुणांत पहिली खूण ‘दिसणं कमी होणं’ ही आहे. दुखणं, लाली, चिकट घाण येणं, पापणी सुजणं हे सगळं त्यानंतर सांग. तुझ्या बावीस मुद्द्यांत ‘नजर कमी झाल्यास’ हा मुद्दा कितव्या नंबरावर होता, ते वही उघडून बघ.

आता अडचण अशी की ‘दिसणं कमी झालं’ हे वयस्कर माणसाला स्वतःला चटकन कळत नाही. एका डोळ्याला कमी दिसलं तर दुसरा डोळा भागवून नेतो. म्हणून नुसतं सांगून चालत नाही, रोज तपासायची एक पद्धत हातात द्यावी लागते. मी शिकवते ती अशी. घरातलं मोठ्या आकड्यांचं भिंतीवरचं कॅलेंडर घ्यायचं. रोज सकाळी, औषध घालायच्या आधी, त्याच जागी, त्याच उजेडात बसायचं. ऑपरेशन न झालेला डोळा तळहाताने झाकायचा आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्याने आकडे बघायचे. काल जेवढे दिसत होते तेवढे किंवा जास्त दिसले तर ठीक. कमी दिसले, धुकं आल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, मग दुखो वा न दुखो. महिना-दीड महिना हे रोज करायचं. यातच डोळ्यासमोर विजा चमकल्यासारख्या दिसणं, अचानक काळे ठिपके उडणं किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखं होणं हेही सांगून टाक. ते डोळ्याच्या आतला मागचा पडदा सुटल्याचं लक्षण असू शकतं आणि त्यालाही तीच घाई लागते.

इथे एक गंमत वाटेल अशी पण महत्त्वाची गोष्ट दहापैकी चार आज्यांकडून तरी मी पाहिली आहे. ‘ऑपरेशन न झालेला डोळा झाका’ म्हटलं की त्या ऑपरेशन झालेलाच डोळा झाकतात, आणि तोही तळहात दाबून. त्यांच्या मनात ‘जपायचा डोळा’ तो असतो ना! म्हणून हे करवून घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. तळहात खोलगट धरायचा, डोळ्याला टेकवायचा नाही, हेही तेव्हाच दाखव.

पहिल्या दिवसांत काय चालतं ते सांगितलं नाही तर उलटी पंचाईत होते, रुग्ण उगाच घाबरतो किंवा सगळंच अंगवळणी पाडून घेतो. डोळ्यात बारीक खडा गेल्यासारखं खुपणं, थोडं पाणी येणं, उजेड सहन न होणं, थोडी लाली हे चालतं. भूल देताना सुई लागली असेल तर पांढऱ्या भागावर लालभडक डागही दिसतो. तो दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातो. घरच्यांसाठी मी एकच कसोटी देते. तक्रार कालपेक्षा आज कमी हवी आणि दिसणं कालपेक्षा आज जास्त हवं. उलटं झालं की निघायचं. आणि ‘निघायचं’ म्हणजे कसं, हेही वॉर्डातच ठरवून घे. गाडी कुणाची, सोबत कोण, रात्री फोन कोणत्या नंबरावर करायचा. मुक्कामाची एसटी सकाळी सुटेल म्हणून रात्रभर थांबलेले रुग्ण मी पाहिलेत. गावातल्या मेडिकलमधून ‘डोळ्याचं औषध’ आणून दोन दिवस काढलेलेही पाहिलेत.

हा झाला गाभ्याचा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे थेंब. बाकी सगळी पथ्यं दोन-चार आठवड्यांनी संपतात, थेंब सहा आठवडे चालतात आणि ते रोज हातानं करायचं काम आहे. हातानं करायचं काम तोंडानं शिकवता येत नाही. कॅनडातल्या एका अभ्यासात, तो २०१४ मध्ये छापून आला, आधी कधी थेंब न घातलेल्या ५४ रुग्णांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर स्वतः थेंब घालायला लावले. त्यातल्या ५० जणांची पद्धत कुठे ना कुठे चुकली. कुणी हात धुतले नाहीत, कुणाचा थेंब गालावर पडला, कुणी बाटलीचं टोक पापणीला टेकवलं. आपल्याला नीट जमतं, असं त्यांतल्या बऱ्याच जणांना वाटत होतं. तुझ्या सहाही रुग्णांनी माना डोलावल्या त्या अशाच.

आता एक रुग्ण घेऊन सगळं कसं बसवायचं ते सांगते. आमच्या वॉर्डातल्या एका आजींचीच केस घे. वय ७२, उजव्या डोळ्याची छोट्या छेदाची, बिनटाक्याची शस्त्रक्रिया झालेली. मधुमेह आहे, गोळ्या चालू. दोन्ही अंगठ्यांचे सांधे आखडलेले. अक्षरओळख नाही. घरात सून आहे, ती सकाळी दहाला शेतात जाते, पाचला येते. नातू शाळेत. औषधं दोन. एक प्रतिजैविकाचे थेंब, दिवसातून ४ वेळा, दोन आठवडे. दुसरं स्टेरॉइडचं पांढरं, दुधाळ औषध, पहिल्या आठवड्यात दिवसातून ६ वेळा, मग दर आठवड्याला एकेक वेळ कमी करत सहाव्या आठवड्यात दिवसातून १ वेळ. असा उतरता क्रम बहुतेक ठिकाणी असतो, पण तुझ्या रुग्णाचा क्रम तुझ्या डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेलाच घे. पुस्तकातला घेऊ नकोस.

शिकवायला कधी बसायचं, हे आधी ठरव. ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी पट्टी बांधलेली असताना रुग्ण थकलेला असतो. डिस्चार्जच्या वेळी चपला पायात आणि लक्ष गाडीच्या हॉर्नकडे असतं. सगळ्यात चांगली वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडल्यानंतरची. त्या आजींची पट्टी मी सोडली तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या सुनेच्या पदराकडे, आणि म्हणाल्या, ‘आगं, ही साडी निळी हाय व्हय! मी काळी समजत हुते.’ पिवळटलेलं जुनं भिंग निघालं की निळा आणि पांढरा रंग एकदम उजळतो. त्या दहा मिनिटांत माणूस त्या डोळ्यासाठी काहीही करायला तयार असतो. तेव्हा शिकव. त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला, पंख्याच्या आवाजापासून लांब, त्यांच्या समोर बस. आणि सुनेला शेजारी बसव, कारण निम्मे थेंब तीच घालणार आहे.

हात साबणाने धुण्यापासून सुरू कर. मग स्टेरॉइडची बाटली हलवायला लाव. ते औषध पाण्यात पूर्ण विरघळलेलं नसतं, तळाशी बसतं. न हलवता घातलं तर सुरुवातीचे थेंब पातळ पडतात आणि तळाचे दाट. मग उशीशिवाय पलंगावर आडवं व्हायचं किंवा खुर्चीत मान मागे टेकवायची, नजर छताकडे. डाव्या हाताच्या एका बोटाने खालची पापणी गालाच्या हाडावर खाली ओढायची म्हणजे आत छोटी खोळ तयार होते. बोट हाडावर टेकलेलं हवं, डोळ्याच्या गोळ्यावर नाही. बाटलीचं टोक कशालाही न टेकवता, साधारण बोटाच्या पेराएवढं वर धरून एकच थेंब त्या खोळीत सोडायचा. मग डोळा हलकेच मिटून दोन मिनिटं पडून राहायचं. घट्ट मिटायचा नाही, मिचकवायचा नाही. औषध डोळ्यात गेलं की माणूस सवयीने डोळा करकचून मिटतो आणि औषध गालावरून वाहून जातं. वाहिलेलं पुसायचं ते गालावरून, स्वच्छ कपड्याने. डोळ्याला कपडा लावायचा नाही.

दुसऱ्या औषधासाठी पाच मिनिटं थांबायचं. डोळ्याच्या खोळीत एक थेंबसुद्धा पुरता मावत नाही. लगेच दुसरा घातला की तो पहिल्याला धुऊन नेतो. आधी पातळ, पारदर्शक औषध, मग दुधाळ. हे का, ते आजींना सांगायला लाजू नकोस. ‘भरल्या घागरीत पाणी ओतलं तर काय होतं?’ असं विचारलं की त्या स्वतःच सांगतात.

त्या आजींच्या अंगठ्यात बाटली दाबायचा जोर नव्हता आणि हात थरथरत होता. सुनेच्या हाती सगळं सोपवावं तर दुपारचे दोन थेंब कोण घालणार? आम्ही दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे त्यांना आडवं झोपवून, डोळा मिटलेला ठेवून, नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब सोडायला शिकवला. कोपरा कपाळाच्या बाजूला नाही, नाकाच्या बाजूला. दोन्ही हातांनी बाटली धरायची, मनगट कपाळावर टेकवायचं, थेंब कोपऱ्यात पडला की डोळा हळूच उघडायचा, औषध आपोआप आत उतरतं. नेम धरायची गरज उरत नाही, म्हणून थरथरत्या हाताला ही पद्धत चांगली. दुसरी गोष्ट म्हणजे शेजारच्या घरातल्या एका बाईंना दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं आणि त्यांच्याकडूनही करवून घेतलं. एखाद्या रुग्णाला यांतलं काहीच शक्य नसेल तर वेळा आपल्या मनाने कमी करायच्या नाहीत. डॉक्टरांना सांगायचं, ते औषध बदलून देतील का ते बघतील. हे पेशंटच्या वतीने विचारणं तुझं काम आहे.

वेळा लक्षात कशा ठेवायच्या? ‘दर अडीच तासांनी’ हे त्या आजींना काहीच सांगत नाही. त्यांचा दिवस घड्याळावर चालत नाही. सकाळचा चहा, न्याहारी, दुपारचं जेवण, दुपारचा चहा, दिवेलागण आणि झोपताना, या झाल्या सहा वेळा. त्यांतल्या सकाळचा चहा, जेवण, दिवेलागण आणि झोपताना या चार वेळांना दोन्ही औषधं, मधल्या दोन वेळांना फक्त दुधाळ. चार वेळच्या बाटलीला रबर बँड गुंडाळला, म्हणजे हाताला कळतं. आणि रोज सकाळी एका वाटीत सहा चिंचोके टाकायचे, थेंब घातला की एक काढून डब्यात ठेवायचा. झोपताना वाटी रिकामी हवी. दुसऱ्या आठवड्यात पाच चिंचोके. ही युक्ती माझी नाही, त्या सुनेची. मी तिथून पुढे सगळ्यांना सांगत आले.

बाटल्या कुठे ठेवायच्या हे विचारायला विसरू नकोस. देवघराच्या फळीवर कानाचं औषध, कुरुपाचं औषध, कधी चिकटवायचा गोंद, सगळ्याच्या बाटल्या सारख्याच दिसतात. डोळ्याच्या औषधाला स्वतंत्र डबी हवी, त्यात दुसरं काही नको.

आता बाटलीचं गणित. हे कुणी शिकवत नाही आणि मला ते फार उपयोगाचं वाटतं. ५ मिलिलिटरच्या बाटलीत साधारण शंभर ते दीडशे थेंब निघतात. थेंबाचा आकार बाटलीगणिक बदलतो. आजींचं स्टेरॉइड पहिल्या आठवड्यात दिवसाला ६ म्हणजे ४२ थेंब. सहाव्या आठवड्यापर्यंत ४२, ३५, २८, २१, १४ आणि ७ मिळून १४७ थेंब. म्हणजे एक बाटली जेमतेम पुरेल किंवा नाही पुरणार. शिवाय उघडलेली बाटली महिन्याने टाकून द्यायची असते, तेव्हा दुसरी बाटली लागणारच. हे घरच्यांना आजच सांगितलं नाही तर बाटली संपली की ते औषध संपलं असं धरतात. स्टेरॉइड अर्ध्यात एकदम बंद झालं की डोळ्यातली सूज उसळून येते, डोळा पुन्हा लाल होतो, उजेड बोचतो. उलट, डॉक्टरांनी थांबवल्यावरही ‘बरं वाटतं’ म्हणून महिनोन्‌महिने घालत राहणंही वाईट, त्याने काहींच्या डोळ्याचा दाब वाढतो. उरलेलं औषध शेजारणीच्या डोळ्यासाठी देणं तर नकोच.

आणि हेच गणित तुझ्या मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. पहिल्या तपासणीला येताना बाटल्या सोबत आणायला सांग. आठवड्यात ४२ थेंब गेले असतील तर बाटली निम्म्याहून जास्त उरलेली दिसेल. पूर्ण रिकामी असेल तर दरवेळी एकाऐवजी दोन-तीन थेंब पडतायत आणि जास्तीचे गालावर सांडतायत. काठोकाठ असेल तर औषध घातलंच गेलेलं नाही, मग तोंडाने काहीही सांगोत. रागवायचं नाही, पुन्हा घालून दाखवायला सांगायचं, कुठे अडतं ते दिसतं.

पण त्याआधी, डिस्चार्जच्या दिवशीच दोन गोष्टी तपासायच्या. पहिली, करून दाखवणं. तू एकदा दाखव, मग आजींना करू दे, मग सुनेला. ठरलेल्या वेळेचाच थेंब यासाठी वापर, म्हणजे जास्तीचं औषध जात नाही. मध्ये बोलू नकोस, हात पुढे करू नकोस. फक्त बघ. हात धुतले का, बाटली हलवली का, टोक टेकलं का, थेंब आत पडला का, डोळा करकचून मिटला का. जे चुकलं तेवढंच पुन्हा दाखव आणि पुन्हा करायला लाव. त्या आजींना तिसऱ्या वेळेला जमलं. दुसरी गोष्ट, त्यांच्याच तोंडून वदवून घेणं. ‘समजलं का आजी?’ असं कधीच विचारू नकोस. आपल्याकडे पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला ‘नाही समजलं’ म्हणणं वडीलधाऱ्यांना अपमानाचं वाटतं, उत्तर ‘व्हय’ असंच येतं. त्याऐवजी म्हण, ‘आजी, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर लेकीचा फोन आला तर तिला काय सांगाल? डॉक्टरकडे कधी पळायचं म्हणाल?’ परीक्षा तुझी आहे, त्यांची नाही, असं त्यांना वाटलं पाहिजे. त्या आजी पहिल्यांदा म्हणाल्या, ‘दुखलं तर.’ बघ, मी पाच मिनिटं आधी नजरेबद्दल सांगितलेलं असूनही! कॅलेंडर पुन्हा काढलं. दुसऱ्यांदा म्हणाल्या, ‘आकडं कालच्यापेक्षा पुसाट दिसलं तर, दुखू दे नाय तर न दुखू दे.’ तेव्हा मी त्यांना सोडलं.

बाकीच्या पथ्यांना तुझ्या चार्टवर दोन ओळी पुरेत. बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेत छेद साधारण ६ ते ७ मिलिमीटरचा असतो, यंत्राच्या कंपनांनी भिंग फोडून काढतात त्या फेकोमध्ये ३ मिलिमीटरहून कमी. दोन्ही आपोआप मिटतात, पण मिटेपर्यंत डोळा चोळणं, फटका बसणं आणि दूषित पाणी आत जाणं या तीन गोष्टींनी घात होतो. सगळी बंधनं या तिन्हींभोवती आहेत, असं सांगितलं की आजींनाही लक्षात राहतं. म्हणून रात्री भोकं असलेली प्लॅस्टिकची ढाल चिकटपट्टीने कपाळापासून गालापर्यंत लावायची, झोपेत हात जाऊ नये म्हणून. म्हणून डोक्यावरून अंघोळ नाही, चेहरा ओल्या कपड्याने पुसायचा. म्हणून घागर उचलणं, खाली वाकून लादी पुसणं, चुलीत फुंकर घालणं नाही. किती दिवस, ते डॉक्टरांकडून लिहून घे, दोन्ही शस्त्रक्रियांना सारखंच नसतं. डोळा साफ करायचा तो उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने, नाकाकडून कानाकडे, एक बोळा एकदाच. काजळ, मध, तूप, गुलाबपाणी काही नाही. बद्धकोष्ठ किंवा जोराचा खोकला असेल तर त्याचं औषध मागून घ्यायचं.

खाण्याचं मात्र नक्की विचार. आंबट, भात, दही, डाळ खाल्ल्याने ‘डोळ्यात पू होतो’ म्हणून म्हाताऱ्या माणसांना आठ-आठ दिवस भाकरी-चटणीवर ठेवलेलं मी पाहिलंय. डोळ्यासाठी कसलंही पथ्य नाही, मधुमेहाचं आहे तेवढंच. आणि मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालूच ठेवायच्या, हे ठासून सांग. नवीन औषध आलं की जुनं बंद, असं अनेकजण समजतात.

आता वहीबद्दल. उद्दिष्टाच्या रकान्यात ‘रुग्णाला काळजीचे ज्ञान मिळेल’ असं लिहिलंस तर त्याचं मोजमाप करताच येत नाही, म्हणून तुझा शेवटचा रकाना रिकामा राहिला. त्याऐवजी लिही, ‘डिस्चार्जपूर्वी रुग्ण मदतीशिवाय एक थेंब, बाटलीचं टोक न टेकवता, डोळ्यात घालून दाखवेल.’ ‘रुग्ण योग्य डोळा झाकून नजर तपासून दाखवेल.’ ‘रुग्ण आपल्या शब्दांत सांगेल की दिसणं कमी झालं तर त्याच दिवशी यायचं.’ अशी तीन-चारच ठेव. बावीस मुद्द्यांचा चार्ट तुला पाठ असू दे, पण रुग्णापुढे एकाच कागदावर काळ्या जाड मार्करने चहाचा कप, ताट, दिवा आणि चंद्र काढून दे. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू असला तर बारीक अक्षर कुणाला दिसणार? मूल्यमापनात रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिही, पहिल्यांदा चुकलेलेही. कितव्या वेळेला जमलं तेही लिही. मॅडमना तेच हवंय.

आणि शक्य असेल तर असाइनमेंट डिस्चार्जला संपवू नकोस. तुझा रुग्ण पहिल्या तपासणीला येईल त्या दिवशी ओपीडीत थोडा वेळ जा. बाटली उजेडात धर, किती उरली ते बघ आणि तो आकडा शेवटच्या रकान्यात लिही.

तुझी,
ताई